पहिल्यांदा कवळी बसविल्यानंतर : कोणते दुखणे सोसावे, कोणते दाखवावे

सर्व दात गमावल्यानंतर ज्येष्ठ नागरिक पहिल्यांदा कवळी वापरू लागतात, तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्यांच्यापुढे एक प्रश्न उभा राहतो. तोंडात जे दुखते आहे ते सवयीने जाईल, की कवळीत काही सुधारणा करावी लागेल? घरातील मंडळी बहुधा ‘सवय होईल’ असे सांगून मोकळी होतात. काही प्रमाणात ते खरे असते, पण सर्वच दुखण्यांच्या बाबतीत नाही. जे दुखणे दंतवैद्याला दाखवायला हवे ते सोसत राहिल्यास तोंडात जखम होते, जेवण कमी होते आणि शेवटी कवळी कपाटातील डबीत जाऊन पडते. उलट जी अस्वस्थता दोन-तीन आठवड्यांत ओसरणारी असते तिला कंटाळून कवळी काढून ठेवली, तर सवय कधीच लागत नाही. हा फरक ओळखता यावा आणि कवळीची निगा योग्य रीतीने राखली जावी, एवढ्यासाठी पुढील माहिती आहे. ती संपूर्ण कवळीविषयी, म्हणजे एकही दात शिल्लक नसताना बसविल्या जाणाऱ्या वरच्या व खालच्या कवळीविषयी आहे.

खालची कवळी अधिक का त्रास देते

नैसर्गिक दात जबड्याच्या हाडात रुतलेले असतात. दाताचे मूळ आणि हाड यांच्यामध्ये तंतूंचा एक पातळ थर असतो व चावण्याचा भार तो झेलतो. कवळीला असा आधार नसतो. ती हिरडीच्या ओलसर व नाजूक त्वचेवर नुसती टेकलेली असते आणि चावण्याचा सगळा भार त्या त्वचेवरच येतो. एका जबड्यातील नैसर्गिक दातांना भार पेलण्यासाठी मुळांभोवतीचे सुमारे ४५ चौरस सेंटिमीटर क्षेत्र मिळते, असे दंतशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांतील सरासरी आकडे सांगतात. वरच्या कवळीला त्याच्या निम्मे, सुमारे २३ चौरस सेंटिमीटर मिळतात. खालच्या कवळीच्या वाट्याला तर जेमतेम १२ येतात.

वरची कवळी टाळूही झाकते. तिच्या व टाळूच्या मध्ये लाळेचा पातळ थर राहतो आणि दोन ओल्या काचा एकमेकींना चिकटाव्यात तशी ती धरून राहते. खालच्या कवळीला टाळू नाही, मध्ये जीभ आहे, दोन्ही बाजूंना गाल आहेत आणि पुढे ओठ आहे. बोलताना व गिळताना हे सर्व हलतात व तिला उचलू पाहतात. त्यामुळे वरची कवळी पहिल्या आठवड्यातच बसली आणि खालची महिना झाला तरी नीट धरत नाही, अशी तक्रार अगदी सर्वसाधारण आहे. तेवढ्यावरून कवळी बिघडलेली आहे असे समजू नये. खालची कवळी जागेवर ठेवण्याचे काम पुष्कळसे जीभच करते. जिभेचे टोक खालच्या पुढच्या दातांच्या आतील बाजूला हलके टेकवून ठेवण्याची सवय लावल्यास कवळी बरीच स्थिर राहते. जीभ मागे ओढून घेण्याची सवय असलेल्यांना हे जमायला काही आठवडे लागतात.

सवयीने जाणाऱ्या गोष्टी

पहिले काही दिवस तोंडात लाळ अधिक सुटते, कारण शरीर कवळीला अन्नाचा घास समजते. तोंड भरल्यासारखे वाटते, ओठ पुढे आल्याचा भास होतो, चव कमी कळते, ‘स’ उच्चारताना शिट्टीसारखा आवाज येतो. वरच्या कवळीच्या मागच्या काठाने काहींना उमासे येतात. हे सर्व साधारणपणे दोन ते चार आठवड्यांत कमी होते. उच्चारांसाठी रोज दहा मिनिटे वर्तमानपत्र मोठ्याने वाचणे हा साधा उपाय आहे, मात्र तो आरशासमोर करण्याची गरज नाही. उमासे मात्र दिवसेंदिवस कमी न होता तसेच राहिले, तर वरच्या कवळीचा मागचा काठ अधिक लांब किंवा सैल असण्याची शक्यता असते व तो तपासून घ्यावा लागतो.

हिरडी सर्वत्र थोडी हुळहुळी होणे, जेवणानंतर थकल्यासारखी वाटणे, हेही पहिल्या आठवड्यात अपेक्षित आहे. नव्या चपलेने पाय हुळहुळावा तसाच हा प्रकार. कवळी तास-दोन तास काढून ठेवली की आराम पडतो. एका पेल्यात कोमट पाणी घेऊन त्यात अर्धा चमचा मीठ घालून दिवसातून तीन-चार वेळा चुळा भराव्यात.

दाखवायलाच हवे असे दुखणे

ज्या दुखण्याकडे बोट दाखवता येते, ते दाखवायला हवे. एकाच ठिकाणी, कवळी घातली की प्रत्येक वेळी दुखते, काढली की थांबते आणि त्या जागी लाल ठिपका किंवा पांढुरक्या मध्यभागाचा व्रण दिसतो, तेव्हा कवळीचा तो भाग हिरडीत रुतत असतो. असा व्रण सवयीने बरा होत नाही. काठ जिथे रुततो तिथला भाग घासून कमी करावा लागतो. हे काम दंतवैद्यासाठी काही मिनिटांचे असते. नव्या कवळीला अशी एक-दोन ठिकाणे निघणे इतके नेहमीचे आहे, की कवळी दिल्यानंतर दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी व आठवड्याने तपासणी ठेवण्याची पद्धत आहे. तपासणीच्या या तारखा कवळी घेतानाच लिहून घ्याव्यात.

व्रण कोठे आहे यावरून त्याचे कारणही पुष्कळदा कळते. गाल किंवा ओठ हिरडीला मिळतो त्या खोबणीत व्रण असेल, तर कवळीचा काठ जास्त लांब आहे. ओठ उचलल्यावर मध्यभागी जी पातळ दोरी ताणलेली दिसते, तिच्यावर चीर पडली असेल तर त्या दोरीसाठी काठात ठेवलेली खाच अपुरी आहे. गिळताना दुखते, घसा आल्यासारखे वाटते आणि दुखणे एकाच बाजूला असते, तेव्हा खालच्या कवळीचा जिभेकडील मागचा काठ खोलवर रुतत असण्याची शक्यता मोठी. असे रुग्ण घशाचे औषध घेत बसतात.

हिरडीच्या अगदी माथ्यावर, म्हणजे जिथे पूर्वी दात होते तिथे, दुखत असेल तर गोष्ट वेगळी असते. तिथे दोष बहुधा चावण्यात असतो. वरचे व खालचे दात मिटताना एका बाजूचे आधी टेकतात, सगळा भार तिथे पडतो आणि त्याखालची हिरडी चेंगरते. अशा वेळी कवळीची आतील बाजू घासून उपयोग होत नाही. दंतवैद्य रंगीत कागद दातांमध्ये चावायला देतात, जिथे गडद खूण उमटते तो दात किंचित घासतात व दोन्ही बाजू एकाच वेळी टेकतील असे करतात. संपूर्ण हिरडीच ठणकते, जबड्याचे स्नायू दिवसअखेर दुखतात आणि बोलताना वरचे-खालचे दात एकमेकांवर खट्खट् वाजतात, ही तीन लक्षणे एकत्र असतील तर कवळीची उंची जास्त झालेली असू शकते. ही उणीव घासून भागत नाही, पुष्कळदा दातांची मांडणी नव्याने करावी लागते. दंतवैद्याला सांगताना ‘दुखते’ एवढेच न सांगता नेमके कोठे, केव्हा आणि कशाने दुखते हे सांगितले, तर निम्मे निदान तिथेच होते.

एक उदाहरण

सत्तरीच्या एका आजींना सोमवारी दोन्ही कवळ्या बसविल्या, असे समजू. मंगळवारी त्यांना डाव्या बाजूला, जिभेच्या कडेला, घास गिळताना टोचल्यासारखे वाटते. बुधवारी सकाळी ते वाढते. आरशात व विजेरीच्या उजेडात जीभ उजवीकडे सारून पाहिल्यावर मागे एक लाल रेघ दिसते. दंतवैद्याची वेळ शुक्रवारी सकाळी अकराची मिळते.

या दोन दिवसांत काय करावे, येथेच बहुतेकांचा घोटाळा होतो. दुखते म्हणून आजींनी बुधवारपासून शुक्रवारपर्यंत खालची कवळी घातलीच नाही, तर रेघ पुसट होईल आणि काठ कोठे रुततो ते दंतवैद्याला दिसणार नाही. त्यांनी अंदाजाने घासले तर नको तिथला भाग कमी होईल आणि जिथे रुतते तिथे रुततच राहील. दुसरीकडे, दोन दिवस सतत कवळी घालून सोसले तर व्रण खोल होईल. म्हणून मधला मार्ग घ्यावा. बुधवारी व गुरुवारी बराच वेळ खालची कवळी पाण्यात ठेवावी, मऊ अन्न खावे, मिठाच्या पाण्याने चुळा भराव्यात. शुक्रवारी सकाळी उठल्यावर मात्र ती घालावी, शक्य झाल्यास नाश्ताही तिच्यावरच करावा आणि ती घालूनच दवाखान्यात जावे. तीन-चार तासांत खूण पुन्हा स्पष्ट उमटते.

दवाखान्यात दंतवैद्य कवळीच्या आतील बाजूस व काठावर पांढऱ्या मलमाचा पातळ थर लावून ती तोंडात बसवतील, गिळायला व जीभ हलवायला सांगतील. कवळी बाहेर काढल्यावर जिथले मलम पुसले जाऊन खालचे गुलाबी अ‍ॅक्रिलिक उघडे पडलेले दिसेल, ती जागा रुतणारी. ती आणि तोंडातील लाल रेघ जुळली की तेवढाच भाग, बहुधा मिलिमीटरभर किंवा त्याहूनही कमी, घासून गुळगुळीत केला जातो. आजींना बाहेर पडतानाच टोचणे कमी झाल्याचे जाणवेल. व्रण भरायला मात्र आणखी आठवडाभर लागेल, आणि त्या काळात थोडे हुळहुळणे राहील.

तीन आठवड्यांनी त्याच आजींना उजव्या बाजूच्या हिरडीच्या माथ्यावर, तेही फक्त जेवणानंतर, दुखू लागले तर ती जुनीच तक्रार परत आली असे मानू नये. कवळी आता हिरडीत किंचित बसली आहे, त्याबरोबर दातांचे टेकणे बदलले आहे, आणि या वेळी रंगीत कागद चावून तपासण्याची गरज आहे. दुरुस्त्या दोन झाल्या म्हणून पहिली चुकली होती असे होत नाही.

घरी करू नयेत असे उपाय

दवाखाना दूर असतो, वेळ मिळत नाही, आणि घरात कानस किंवा पॉलिशपेपर असतो. कवळी घरी घासण्याचा मोह अशा वेळी होतो. पण रुतणारी नेमकी जागा डोळ्यांनी दिसत नाही आणि एकदा काढलेले अ‍ॅक्रिलिक परत येत नाही. वरच्या कवळीचा काठ सर्व बाजूंनी हिरडीला बिलगून असतो म्हणूनच ती टाळूला धरून राहते. तो एका ठिकाणी जास्त कापला गेला की हवा आत शिरते आणि चांगली बसणारी कवळी खाली येऊ लागते. तुटलेली कवळी झटपट चिकटणाऱ्या गोंदाने जोडणेही टाळावे. तुकडे किंचित जरी तिरपे जुळले तरी कवळी पुढे बसत नाही, शिवाय गोंदाचा थर आड आल्यामुळे प्रयोगशाळेत ते तुकडे नीट जोडणे अवघड होते. सगळे तुकडे, अगदी लहानसुद्धा, एका डबीत घालून न्यावेत.

व्रणावर लवंगेचे तेल लावण्याची प्रथा आहे. दुखऱ्या दातासाठी ते ठीक असले, तरी उघड्या व्रणावर ते त्वचा भाजते. बधिर करणारे मलम लावून त्यावर कवळी घालून जेवणे तर अधिकच वाईट, कारण रुतत असल्याची सूचनाच बंद होते व व्रण न कळत वाढतो.

दोन आठवड्यांचा नियम

कवळीच्या व्रणाबाबत एक गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. कारण दूर केल्यावर, म्हणजे कवळी घासून घेतल्यावर किंवा ती काढून ठेवल्यावर, साधा व्रण आठवडा-दहा दिवसांत भरतो. दोन आठवड्यांनंतरही तो तसाच राहिला, त्याच्या कडा हाताला टणक लागल्या, त्यातून सहज रक्त येऊ लागले किंवा शेजारी पांढरा अथवा लाल चट्टा दिसला, तर तो कवळीचा व्रण आहे असे गृहीत धरून चालणार नाही. तोंडाच्या कर्करोगाची शंका दूर करण्यासाठी त्याची तपासणी, आणि आवश्यक वाटल्यास तुकडा काढून परीक्षण, करावे लागते.

हा इशारा आपल्याकडे विशेष लागू पडतो. तंबाखू, गुटखा, सुपारी यांचे सेवन देशभर आहे आणि महाराष्ट्राच्या अनेक भागांत वृद्ध स्त्रियांमध्ये मिश्री लावण्याची सवय आहे. दात गेले तरी ती सुटत नाही, हिरडीला मिश्री चोळणे चालूच राहते. अशा व्यक्तींच्या तोंडातील न भरणारा व्रण ‘कवळी लागते आहे’ या समजुतीखाली महिनोन्‌महिने दुर्लक्षित राहू शकतो, आणि कर्करोगात हा गेलेला वेळच महागात पडतो. पुष्कळदा असा व्रण सुरुवातीला दुखतही नाही. म्हणून तो न दुखणे ही निश्चिंत राहण्याची खूण नव्हे.

स्वच्छता : टूथपेस्ट का नको

कवळी दातांसारखी दिसते म्हणून ती टूथपेस्टने घासली जाते. टूथपेस्टमध्ये दातांवरील थर काढण्यासाठी बारीक खर असते. नैसर्गिक दाताचे कवच ती सोसते, अ‍ॅक्रिलिक मात्र त्यापेक्षा पुष्कळ मऊ असते. रोजच्या घासण्याने त्यावर डोळ्यांना न दिसणारे ओरखडे पडतात, त्यांत जंतू व बुरशी घर करतात, डाग अधिक धरतात. दंतमंजन, राख, मीठ व कोळसा यांचा परिणाम याहून वाईट होतो.

त्याऐवजी मऊ ब्रश आणि साधा द्रवरूप साबण पुरेसा आहे. हात धुण्याचा किंवा भांडी घासण्याचा सौम्य द्रव साबण चालतो. भांड्यांची खरखरीत पावडर चालत नाही. रोज किमान एकदा, शक्यतो रात्री, कवळीच्या आतील व बाहेरील दोन्ही बाजू घासाव्यात. आतील बाजू, जी हिरडीला टेकते, ती अधिक महत्त्वाची असूनही बहुधा तीच राहून जाते. प्रत्येक जेवणानंतर कवळी काढून नळाखाली धुवावी. बेसिनमध्ये थोडे पाणी भरून किंवा घडी केलेला टॉवेल पसरून त्यावर हे काम करावे, कारण साबणाच्या हातातून कवळी निसटते आणि पोर्सिलीनवर पडली की दुभंगते. कवळ्या तुटण्याचे प्रसंग खाताना येतात त्याहून धुताना अधिक येत असावेत.

उकळते किंवा कडक पाणी कधीही वापरू नये. त्याने अ‍ॅक्रिलिकचा आकार बदलतो, आणि तो बदल इतका थोडा असतो की डोळ्यांना दिसत नाही, पण कवळी पुन्हा पूर्वीसारखी बसत नाही. कवळी कोरडी ठेवल्यानेही असेच होते. तोंडात नसेल तेव्हा ती साध्या पाण्यात बुडवून ठेवावी व पाणी रोज बदलावे.

कवळी भिजत घालण्याच्या, पाण्यात फसफसणाऱ्या गोळ्या औषध दुकानात मिळतात. त्या ब्रशला पूरक आहेत, त्याची जागा घेत नाहीत. वेष्टनावर सांगितलेल्या वेळेपुरती कवळी भिजवून नंतर ती नळाखाली नीट धुवावी आणि मगच तोंडात घालावी. गोळी किंवा तिचे पाणी तोंडात जाता कामा नये, म्हणून दृष्टी अधू असलेल्या किंवा विसरभोळ्या वृद्धांच्या खोलीत या गोळ्या इतर औषधांबरोबर ठेवू नयेत. सोडियम हायपोक्लोराइटचे म्हणजे ब्लीचचे विरळ द्रावण दंतवैद्याने सुचविले असेल, तरी त्यात कवळी दहा मिनिटांपेक्षा जास्त ठेवू नये, असे अमेरिकेतील प्रॉस्थोडोंटिस्ट तज्ज्ञांच्या महाविद्यालयाची २०११ मधील मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. धातूचा भाग असलेल्या कवळीला ब्लीच अजिबात लावू नये.

कवळी काढल्यावर तोंडही धुवायचे असते, हे विसरले जाते. बोटाला ओले सुती फडके गुंडाळून किंवा अगदी मऊ ब्रशने हिरड्या, टाळू व जीभ हलकेच पुसावीत.

रात्री काढून ठेवणे

रात्री सहा ते आठ तास कवळी बाहेर असावी. दिवसभर दाबलेल्या हिरडीला रक्तपुरवठा मोकळा होतो आणि लाळ तिथपर्यंत पोहोचते. सतत कवळी घालणाऱ्यांच्या टाळूवर कवळीच्याच आकाराची लाली दिसते. तिचे मुख्य कारण कँडिडा ही बुरशी असते आणि ती क्वचितच दुखते, त्यामुळे ती दुसऱ्या कोणीतरी पाहीपर्यंत कळत नाही. मधुमेह असणाऱ्यांना व दम्यासाठी तोंडावाटे फवारा घेणाऱ्यांना तिचा धोका अधिक. डॉक्टर बुरशीविरोधी औषध देतात, पण बुरशी कवळीच्या छिद्रांतही असते. कवळी रोज साफ केली नाही व रात्री काढली नाही, तर औषध संपताच लाली परत येते.

झोपेत कवळी ठेवण्याचा संबंध फुप्फुसांशीही आहे. जपानमध्ये ८५ वर्षे व त्याहून अधिक वयाच्या ५२४ व्यक्तींची तीन वर्षे पाहणी करून २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, झोपताना कवळी न काढणाऱ्यांमध्ये न्यूमोनियाचे प्रमाण सुमारे दुप्पट आढळले. या नियमाला एक अपवाद आहे. दात काढल्याबरोबर त्याच दिवशी कवळी बसविली असेल, तर पहिले चोवीस तास ती न काढण्यास सांगितले जाते, कारण नंतर येणाऱ्या सुजेमुळे ती परत बसत नाही. अशा वेळी दंतवैद्याचेच ऐकावे.

चार माणसांत बिनदातांचे दिसू नये म्हणून कवळी न काढणारे अनेक आहेत. एकत्र कुटुंबात, एका खोलीत झोपणाऱ्यांच्या बाबतीत ही अडचण खरी आहे. त्यांना दुपारच्या विश्रांतीत आणि रात्री दिवा मालवल्यावर काढण्याची वेळ ठरवून घेता येईल. झाकणाची डबी उशाशी असावी. कागदी रुमालात गुंडाळलेली कवळी कचऱ्यात जाते, हे रुग्णालयांतील परिचारिकांना चांगले ठाऊक आहे.

खाणे

कवळीने चावण्याची ताकद नैसर्गिक दातांच्या साधारण पाचव्या ते चौथ्या हिश्श्याएवढीच असते, आणि ती कितीही सरावाने पूर्ववत होत नाही. पहिला आठवडा मऊ भात, वरण, खिचडी, उपमा, दुधात कुस्करलेली भाकरी यांवर काढावा. त्यानंतर घास लहान करून दोन्ही बाजूंना थोडा थोडा ठेवून चावावा. एकाच बाजूने चावले की दुसरी बाजू उचलली जाते. पुढच्या दातांनी पेरू किंवा मक्याचे कणीस तोडू नये, फोडी करून घ्याव्यात. टाळू झाकलेली असल्यामुळे चहा किती गरम आहे ते लगेच कळत नाही व घसा भाजतो, म्हणून पहिले काही दिवस तो ओठाला लावून पाहूनच प्यावा.

सैल पडल्यास

दात गेल्यावर जबड्याचे हाड झिजत राहते, पहिल्या वर्षात सर्वांत वेगाने. कवळी वापरणाऱ्यांचा पंचवीस वर्षे पाठपुरावा करून टालग्रेन यांनी १९७२ मध्ये मांडलेल्या निष्कर्षानुसार खालच्या जबड्याची झीज वरच्यापेक्षा सुमारे चौपट असते. म्हणून सुरुवातीला घट्ट बसणारी कवळी सहा महिन्यांनी सैल होणे स्वाभाविक आहे. त्यावर आतून नवा थर देऊन ती पुन्हा बसती करता येते. दर वर्षी एकदा, काही दुखत नसले तरी, ती तपासून घ्यावी.

चिकटविण्याचे मलम थोड्या दिवसांपुरते ठीक. स्वच्छ व कोरड्या कवळीवर तीन-चार लहान थेंब, दिवसातून एकदा, एवढेच लागावे. सारखी नळी आणावी लागते आहे, तर कवळीलाच नवा थर हवा आहे. काही मलमांत जस्त असते. ते वर्षानुवर्षे भरपूर वापरल्यास शरीरातील तांबे कमी होऊन हातापायांना मुंग्या येणे, चालताना तोल जाणे असे विकार झाल्याची उदाहरणे वैद्यकीय साहित्यात नोंदली आहेत. जस्त नसलेले मलम मागून घ्यावे.

शिबिरात मिळालेली कवळी

केंद्र सरकारच्या २०१७ मधील राष्ट्रीय वयोश्री योजनेत दारिद्र्यरेषेखालील ज्येष्ठांना देण्याच्या साधनांत चष्मा, श्रवणयंत्र व काठीबरोबर कवळीचाही समावेश आहे. अन्य शिबिरांतूनही कवळ्या मिळतात. काठी हातात आली की वापरता येते, कवळी मात्र दोन-तीन वेळा बसती करावी लागते. तेव्हा ती घेतानाच पुढील तपासणी कोठे व कोणाकडे होईल हे विचारून कागदावर लिहून घ्यावे. शिबिराचे पथक निघून गेले असेल, तर जवळच्या जिल्हा रुग्णालयाचा दंत विभाग किंवा शासकीय दंत महाविद्यालयाचा बाह्यरुग्ण विभाग गाठता येतो. दुसऱ्याने बनविलेली कवळी असली तरी रुतणारा काठ घासून देणे तेथे शक्य असते. जाताना कवळी पाण्याच्या डबीत, केव्हा मिळाली ती तारीख, चालू औषधांची यादी आणि मधुमेह अथवा रक्त पातळ करणाऱ्या औषधाची माहिती बरोबर न्यावी. दुखणे एकाच जागी असेल, तर त्या दिवशी सकाळपासून कवळी घालून जावे.